नोंदणी, निधी आणि संप: युनियनचं कवच कुठवर पुरतं

प्रश्न: गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या फौंड्रीत आम्ही १८० कामगार आहोत. ६२ जणांनी युनियन काढली, दीड वर्ष वर्गणी चालू आहे, नोंदणीचा अर्ज आता केला. अर्जावर ११ सह्या होत्या, त्यातल्या चौघांनी कंपनीच्या दबावाखाली अंग काढून घेतलं. एचआरवाले म्हणतात, "संप करा, कटाचा गुन्हा घालतो आणि रोजच्या नुकसानीचा दावा लावतो." नोंदणी झाली की यातून सुटका होते का? आणि युनियनच्या पैशातून इचलकरंजीच्या संपकऱ्यांना १५ हजार, तालमीला गणपतीची वर्गणी आणि साखर कारखान्याच्या निवडणुकीत उभ्या असलेल्या आमच्या माणसाला मदत, यातलं काय चालतं?

उत्तर:

तुम्ही पैशाचा प्रश्न शेवटी, जाता जाता विचारल्यासारखा विचारला आहे. माझ्या मते तोच पहिला आहे. युनियनने पैसा कशावर खर्च करायचा याची कायद्यात एक यादी आहे आणि कटाच्या गुन्ह्यातून मिळणारं संरक्षण त्याच यादीला बांधलेलं आहे. हे दोन विषय वेगळे समजणारे पदाधिकारी बहुतेकदा दोन्हीकडे अडकतात.

आधी कायदा कोणता ते सांगतो, कारण बाजारातली निम्मी पुस्तकं अजून जुनी आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९२६ च्या कामगार संघटना कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहिता, २०२० ने घेतली. जुन्या कायद्यातल्या बऱ्याच तरतुदी संहितेत जवळपास तशाच उतरल्या, आकडे मात्र सरकले. कट आणि फौजदारी संरक्षण पूर्वी कलम १७ मध्ये होतं, आताही १७ मध्येच आहे. दिवाणी दाव्यापासूनचं संरक्षण पूर्वी १८ मध्ये होतं, ते आता १६ मध्ये आहे. सर्वसाधारण निधी पूर्वी १५ मध्ये आणि राजकीय निधी १६ मध्ये होता, आता दोन्ही १५ मध्ये. परीक्षेला बसणाऱ्यांनी आणि नोटिशीला उत्तर देणाऱ्यांनी हे एकदा कागदावर लिहून ठेवावं. "कलम १६" म्हटलं की जुना माणूस राजकीय निधी समजतो आणि नवा माणूस दिवाणी दावा.

आता तुमचा अर्ज. नोंदणीसाठी किमान सात सभासदांच्या सह्या लागतात. त्याशिवाय अर्जाच्या दिवशी आस्थापनेतले दहा टक्के किंवा शंभर कामगार, यातला जो आकडा कमी असेल तेवढे सभासद असावे लागतात. १८० चे दहा टक्के १८ होतात आणि तुमचे ६२ आहेत, तेव्हा तिकडून काळजी नाही. चौघांनी माघार घेतली म्हणून अर्ज कोसळत नाही. अर्जानंतर आणि नोंदणीपूर्वी सही करणाऱ्यांपैकी निम्म्यापर्यंत लोक बाजूला झाले तरी केवळ त्या कारणाने अर्ज अवैध ठरत नाही. अकरापैकी चार म्हणजे निम्म्याच्या आत. पाच गेले असते तरी चाललं असतं, सहा गेले असते तर प्रश्न होता. कंपनीने पुढची फेरी सुरू करण्याआधी उरलेल्या सातजणांना हा हिशोब सांगून ठेवा, म्हणजे कोणी "आता काय उपयोग" म्हणून ढिला पडणार नाही.

युनियन वर्षाहून जास्त काळ चालू आहे, तेव्हा अर्जासोबत मालमत्ता आणि देण्याघेण्याचं विवरण जोडावं लागतं. नव्या युनियनला ते लागत नाही, त्यामुळे छापील नमुन्यावर अर्ज करणारे हे विसरतात आणि निबंधक कार्यालयातून त्रुटीचं पत्र येतं. दीड वर्षाची पावती पुस्तकं, खर्चाच्या पावत्या आणि बँकेचं पासबुक जुळवून एका पानाचा हिशोब करा. बाहेरचा माणूस, म्हणजे माझ्यासारखा वकील किंवा एखादा जुना कामगार पुढारी, कार्यकारिणीवर घेत असाल तर त्यांची संख्या एक तृतीयांश किंवा पाच, यातल्या कमी आकड्याच्या पुढे जाऊ देऊ नका. अर्ज नाकारला तर न्यायाधिकरणाकडे अपील आहे, आणि गरज पडली तर रिटसाठी आता मुंबईची गाडी पकडावी लागत नाही. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतं.

नोंदणी आणि मान्यता यांची गल्लत मात्र करू नका. नोंदणीमुळे युनियनला स्वतःचं कायदेशीर अस्तित्व मिळतं आणि खाली सांगतो ती संरक्षणं मिळतात. कंपनीने तुमच्याशीच वाटाघाटी कराव्यात हा हक्क त्याने मिळत नाही. त्यासाठी सभासदसंख्येची अट बरीच वरची आहे. एकाहून जास्त युनियन असतील तर संहितेत वाटाघाटी करणारी एकमेव युनियन होण्यासाठी हजेरीपटावरच्या ५१ टक्क्यांचा पाठिंबा लागतो. तो स्वतंत्र विषय आहे, आज त्यात जात नाही.

आता एचआरच्या धमकीचा पहिला भाग: कटाचा गुन्हा. हे संरक्षण कायद्यात आलं कसं ते कळलं की त्याची मर्यादाही कळते. मद्रासमध्ये बकिंगहॅम आणि कर्नाटिक मिलच्या कामगारांनी बी. पी. वाडियांच्या पुढाकाराने संघटना केली. मिलमालक उच्च न्यायालयात गेले. कामगारांना करार मोडायला चिथावल्याबद्दल त्यांनी मनाई हुकूम मिळवला आणि नुकसानभरपाईही मागितली. संघटना करणं हाच दिवाणी अपराध ठरू लागला. त्यावर ना. म. जोशींनी १९२१ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात ठराव आणला आणि त्यातून १९२६ चा कायदा झाला. म्हणजे कायद्यापुढे प्रश्न एवढाच होता की, एकट्याने केलं तर चालणारं काम चौघांनी ठरवून केलं म्हणून गुन्हा किंवा दाव्याचं कारण होऊ नये. मुळातच गुन्हा असलेलं काम युनियनने केलं तर माफ, असं कोणी मागितलंही नव्हतं आणि दिलंही नाही.

कलम १७ तेवढंच करतं. नोंदणीकृत युनियनच्या सभासदांनी युनियनच्या मान्य उद्दिष्टांसाठी आपसांत काही ठरवलं, तर त्या ठरवण्याबद्दल फौजदारी कटाच्या एका ठरावीक पोटकलमाखाली शिक्षा होत नाही. कलमात भारतीय दंड संहितेचं १२०ब (२) लिहिलेलं आहे. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय न्याय संहितेतलं ६१ (२) (ब) वाचायचं. हा कटाचा हलका प्रकार आहे, सहा महिन्यांपर्यंतची शिक्षा. गंभीर गुन्ह्याचा कट या संरक्षणात कधीच नव्हता.

या कलमात दोन खिळे आहेत. पहिला म्हणजे "कलम १५ मध्ये सांगितलेलं उद्दिष्ट". वाद चालवणं, सभासदाची बाजू लढवणं, त्याला नुकसानभरपाई देणं ही यादीतली कामं आहेत, म्हणून पगारवाढीसाठी संप करायचं ठरवलं तर ते यादीत बसतं. शेजारच्या कारखान्यातल्या युनियनच्या पुढाऱ्याला धडा शिकवायचं ठरवलं तर बसत नाही, बैठक युनियनच्या ऑफिसात झाली तरी. जुन्या कायद्याने ही यादी कलमातच दिली होती, संहितेने ती नियमांवर सोपवली आहे. म्हणून तुमच्या घटनेत उद्दिष्टं आणि निधीच्या खर्चाची कलमं नीट शब्दांत लिहिलेली असणं आता जास्त महत्त्वाचं आहे. दुसऱ्या युनियनची घटना नाव बदलून जोडायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. तसं केलं असेल तर ती एकदा ओळीने वाचा. पॉवरलूमच्या युनियनची घटना फौंड्रीला लावलेली मी पाहिली आहे, त्यात मागाच्या भाड्याचंही कलम होतं.

दुसरा खिळा जास्त धारदार आहे. ठरवलेली गोष्ट हाच गुन्हा असेल तर संरक्षण नाही. इथे लोक मारामारी, तोडफोड यांचा विचार करतात. पण बेकायदेशीर संप हाही शिक्षापात्र आहे. संहितेत बेकायदेशीर संपात सामील होणाऱ्या कामगाराला एक हजार ते दहा हजार रुपये दंड, एक महिन्यापर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि चिथावणाऱ्याला त्याहून जास्त दंड आहे. म्हणजे संपाची तारीख चुकली की "आम्ही संप करायचं ठरवलं" हेच वाक्य "आम्ही गुन्हा करायचं ठरवलं" असं वाचता येतं आणि कलम १७ हातातून जातं. तुमच्या बाबतीत सगळी मदार यावर आहे, म्हणून तारखा मांडूनच दाखवतो.

समजा तुम्ही १ जूनला संपाची नोटीस दिली. नोटीस दिल्यापासून चौदा दिवस संप करता येत नाही, म्हणून नोटिशीत १६ जून ही तारीख घातली. इथपर्यंत ठीक. ही अट पूर्वी केंद्राच्या कायद्यात फक्त वीज, पाणी, वाहतूक अशा सार्वजनिक सेवांना होती, संहितेने ती सगळ्या औद्योगिक आस्थापनांना लावली. महाराष्ट्रात मात्र १९७१ च्या राज्य कायद्यामुळे चौदा दिवसांच्या नोटिशीची सवय जुनीच आहे.

नोटिशीची प्रत समेट अधिकाऱ्याकडे गेली आणि त्यांनी १० जूनला दोन्ही बाजूंना बोलावलं. त्या पहिल्या बैठकीच्या दिवशी समेटाची कार्यवाही सुरू झाली असं धरलं जातं. ती चालू असेपर्यंत आणि संपल्यावर सात दिवस संप करता येत नाही. म्हणजे तुमची १६ जून तारीख आपोआप गेली. गेट मीटिंगमध्ये जाहीर केलेली तारीख कशी मागे घ्यायची म्हणून सोळा तारखेला लोक बाहेर पडतात आणि नोटीस देऊनही संप बेकायदेशीर ठरतो. समजा २४ जूनला समेट फसली. मग १ जुलैपर्यंत थांबा. नोटीस दिल्यापासून साठ दिवसांच्या आत संप व्हावा लागतो, म्हणजे तुमच्या नोटिशीचा जीव जुलैअखेरपर्यंत आहे. कागदावर २ जुलै ते जुलैअखेर अशी खिडकी उघडी दिसते.

दिसते म्हणतो, कारण समेट फसली की आता कोणताही पक्ष सरकारने वाद सोपवण्याची वाट न पाहता थेट न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतो. कंपनीने २५ जूनला अर्ज टाकला तर प्रकरण चालू असेपर्यंत आणि नंतर साठ दिवस संप बंद. चांगला सल्लागार असलेली कंपनी हेच करेल. म्हणून २ जुलैला सकाळी बाहेर पडण्याआधी न्यायाधिकरणात काही दाखल झालं आहे का याची चौकशी वकिलामार्फत करा आणि ती चौकशी केल्याची नोंद ठेवा. "मग नोटिशीशिवाय सगळे एकदम रजेवर जाऊ" हा जुना उपायही बंद झाला आहे. निम्मे किंवा जास्त कामगार ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजेवर गेले तर तोही संपच. तुमच्याकडे तो आकडा ९० आहे.

एचआरच्या धमकीत एक पोकळ भागही आहे, तोही सांगतो. संहितेखालच्या गुन्ह्याची दखल न्यायालय घेतं ते शासनाने किंवा शासनाच्या अधिकाराने केलेल्या तक्रारीवर. कंपनीचा मॅनेजर गोकुळ शिरगाव पोलीस ठाण्यात जाऊन "बेकायदेशीर संप" म्हणून एफआयआर नोंदवू शकत नाही. त्यामुळे प्रत्यक्षात कंपन्या दुसरा रस्ता धरतात: अडवणूक, डांबून ठेवणं, धमकी, नुकसान. या कलमांना युनियनची नोंदणी अजिबात लागू पडत नाही. १९३५ मध्ये नागपूरच्या रुईकर खटल्यात न्यायालयाने हेच सांगितलं: कटाच्या गुन्ह्यातून सूट आहे, बाकी कोणत्याही गुन्ह्यातून नाही. १९६७ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने जय इंजिनिअरिंगच्या खटल्यात घेरावाबद्दल तीच भूमिका घेतली. मॅनेजरला केबिनमध्ये कोंडलं की तो वाद औद्योगिक असो वा नसो, डांबून ठेवणं ते डांबून ठेवणंच.

घेराव आणि धरणं यातली रेषा जागेवर ओळखायची सोपी खूण आहे. माणसाला बाहेर जायचं असेल तर तो जाऊ शकतो का? दाराशी बसून घोषणा दिल्या आणि वाट मोकळी ठेवली तर तुमची बाजू मजबूत. मॅनेजरची गाडी थांबवली, डबा आत जाऊ दिला नाही, फोन काढून घेतला, की गेलात. गेटवरच्या पोरांना हे आदल्या दिवशी समजावून सांगा आणि कोणीतरी मोबाइलवर मोकळ्या वाटेचं चित्रीकरण करत राहू द्या. कंपनीचा कॅमेरा तुमच्या बाजूचं दृश्य दाखवेलच याची खात्री नसते.

आता दाव्याची धमकी. कलम १६ म्हणतं की, औद्योगिक वाद पुढे नेण्यासाठी केलेल्या कृतीबद्दल युनियन, पदाधिकारी किंवा सभासद यांच्यावर दिवाणी दावा चालणार नाही, जर दाव्याचं कारण *फक्त* एवढंच असेल की त्या कृतीने कोणाला नोकरीचा करार मोडायला लावलं, किंवा कोणाच्या धंद्यात, नोकरीत किंवा भांडवल हवं तसं वापरण्याच्या हक्कात अडथळा आला. संपामुळे उत्पादन थांबलं, ऑर्डर गेली, म्हणून रोजच्या नुकसानीचा दावा, तर तो नेमका याच भिंतीवर आदळतो. संप बेकायदेशीर असला तरी? सर्वोच्च न्यायालयाने रोहतास इंडस्ट्रीजच्या डिसेंबर १९७५ च्या निकालात बेकायदेशीर संपाबद्दल मालकाला नुकसानभरपाई नाकारली. न्या. कृष्ण अय्यर यांचा युक्तिवाद असा की, औद्योगिक कायद्याने गुन्हा नवा निर्माण केला आणि त्यावरचा उपाय म्हणून शिक्षाही त्यानेच सांगितली, तिथे मालकाला वेगळी भरपाई देता येत नाही. तेव्हा तुमच्या एचआरच्या धमकीतला हा सगळ्यात कच्चा भाग.

पण "फक्त" या शब्दावर बोट ठेवा. फौंड्रीत त्याचा अर्थ फार प्रत्यक्ष आहे. भट्टीत हीट चालू आहे, धातू वितळलेला आहे, आणि दहा वाजले म्हणून मेल्टिंगची माणसं बाहेर पडली. धातू भट्टीतच गोठतो, अस्तर जातं, भट्टी कित्येक दिवस बंद पडते. आता दाव्याचं कारण "उत्पादन थांबलं" एवढंच राहत नाही, मालमत्तेचं नुकसान झालं. कलम १६ संपलं, आणि जाणूनबुजून केलं असं दिसलं तर फौजदारी कलमही आलं. म्हणून संपाच्या नोटिशीत एक परिच्छेद घाला: शेवटची हीट ओतून भट्टी रिकामी केली जाईल, तयार साचे ओतून संपवले जातील, आणि त्यासाठी कोण कोण थांबेल त्यांची नावं. नोटीस देतानाच हे लिहिलं असलं की पुढे "यांनी भट्टी बुडवली" म्हणणं कंपनीला जड जातं.

ग्राहक कंपनीला किंवा माल नेणाऱ्या वाहतूकदाराला "यांचा माल घेऊ नका" असं पत्र पाठवण्याआधीही थांबा. नोकरीचा करार मोडायला लावणं कलमात स्पष्ट आहे, पुरवठ्याचा व्यापारी करार मोडायला लावणं तितकं स्पष्ट नाही. त्यात कास्टिंगच्या दर्जाबद्दल खोटं काही लिहिलं तर बदनामीचा वेगळाच दावा. मजकूर वादापुरता ठेवा: आमचा हा वाद आहे, अमुक तारखेपासून संप आहे.

कंपनीचं खरं हत्यार भरपाईचा दावा नसतो, गेटपासून काही अंतरात जमायचं नाही असा मनाई हुकूम असतो. हिंसा आणि अडवणूक रोखण्यासाठी मागितलेला असा हुकूम कलम १६ ने अडत नाही, आणि तो बहुतेक वेळा संपाच्या आदल्या संध्याकाळी, तुम्हाला न ऐकता मिळवला जातो. त्यावर उपाय स्वस्त आहे. संपाची नोटीस देताना कोल्हापूरच्या दिवाणी न्यायालयात युनियनच्या आणि मुख्य पदाधिकाऱ्यांच्या नावाने कॅव्हेट दाखल करा. ते ९० दिवस चालतं आणि तुम्हाला नोटीस गेल्याशिवाय हुकूम देणं अवघड होतं.

एक गोष्ट राहू नये. ही दोन्ही कवचं कट आणि दिवाणी दावा यांपुरती आहेत. कंपनीच्या शिस्तभंगाच्या चौकशीला ती लागत नाहीत, आणि बेकायदेशीर संप हे गैरवर्तन आहेच. शिवाय ही कवचं *नोंदणीकृत* युनियनला आहेत. तुमच्या हातात आज प्रमाणपत्र नाही. ते येईपर्यंत संपाची नोटीस देऊ नका, कंपनीने डिवचलं तरी. मला वाटतं त्या चौघांवरचा दबाव हा तुम्हाला आत्ताच रस्त्यावर काढण्यासाठीच आहे.

आता पैसा. खाली मी जुन्या कलम १५ ची यादी धरून चालतो, कारण युनियनच्या घटना तिच्यावरच बेतलेल्या असतात. तुमच्या घटनेचा मसुदा आणि सध्याचे नियम तिच्याशी ताडून घ्या.

इचलकरंजीचे संपकरी तुमचे सभासद नाहीत, म्हणून "सभासदाचा वाद चालवणं" या कलमाखाली ते येत नाहीत. ते येतात "एकंदर कामगारांच्या हिताच्या कामाला वर्गणी" या कलमाखाली, आणि त्या कलमाला एक छत आहे. वर्षात त्या क्षणापर्यंत जमा झालेलं उत्पन्न आणि वर्षाच्या सुरुवातीची शिल्लक, यांच्या बेरजेच्या एक चतुर्थांशापलीकडे ही वर्गणी कधीही जाऊ शकत नाही. "त्या क्षणापर्यंत" यातच मेख आहे. समजा नोंदणी झाली आहे, १ एप्रिलला शिल्लक २१,२०० रुपये आहे आणि ६२ सभासद महिना शंभर रुपये देतात. मे अखेर दोन महिन्यांचे १२,४०० जमा, बेरीज ३३,६००, चौथा हिस्सा ८,४००. त्या दिवशी १५ हजार दिले तर ६,६०० बेकायदेशीर. नोव्हेंबरअखेर आठ महिन्यांचे ४९,६०० जमा, बेरीज ७०,८००, चौथा हिस्सा १७,७००. त्या दिवशी तेच १५ हजार चालतात, जर त्या वर्षात याच कलमाखाली आधी २,७०० पेक्षा जास्त गेलेले नसतील. वर्षअखेरीस बेरीज जमते म्हणून मे महिन्यातली चूक पुसली जात नाही. घाई असेल तर सरळ करा: निधीतून आठ हजार द्या आणि उरलेलं गेटवर झोळी फिरवून, वेगळ्या पावतीवर, त्या संपाच्या नावाने गोळा करा. तो पैसा सर्वसाधारण निधीत आलाच नाही.

तालमीची वर्गणी नाही चालत. यादीत सामाजिक आणि धार्मिक लाभ आहेत, पण सभासदांसाठी किंवा त्यांच्यावर अवलंबून असलेल्यांसाठी. युनियनच्या ऑफिसात सभासदांसाठी सत्यनारायण, मृत सभासदाच्या अंत्यविधीचा खर्च, मुलांच्या वह्यापुस्तकांना मदत, हे बसतं. पेठेतल्या मंडळाचा गणपती किंवा तालमीचा फुटबॉल संघ सभासदांसाठी आहे असं म्हणता येत नाही, त्यात तुमचे दहा सभासद नाचले किंवा खेळले तरी. पुराच्या वेळीही हाच गोंधळ होतो. २०१९ आणि २०२१ मध्ये ज्यांच्या घरात पंचगंगेचं पाणी शिरलं त्या सभासदांना मदत करणं सामाजिक लाभ म्हणून समर्थनीय आहे. सगळ्या गावाला चादरी वाटणं निधीतून नको, त्यासाठी पुन्हा वेगळी झोळी.

निवडणुकीचा पैसा सर्वसाधारण निधीतून कधीच जात नाही. त्यासाठी वेगळा राजकीय निधी लागतो. तो वेगळा गोळा करायचा, वेगळा ठेवायचा आणि तो न देणाऱ्या सभासदाला युनियनच्या कोणत्याही लाभापासून दूर ठेवायचं नाही, त्या निधीच्या कारभारात त्याला मत नसलं तर चालतं. नवा सभासद घेताना "राजकीय निधी भर, मग घेतो" असंही म्हणता येत नाही. पण तुमच्या प्रश्नात याहून मोठी अडचण आहे. राजकीय निधीतून उमेदवाराचा खर्च करता येतो तो विधिमंडळ, संसद किंवा स्थानिक प्राधिकरणाच्या निवडणुकीत: महापालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत. सहकारी साखर कारखाना किंवा दूध संघ हे स्थानिक प्राधिकरण नव्हेत. आपल्या जिल्ह्यात कारखान्याची निवडणूक आमदारकीपेक्षा चुरशीची होत असली तरी कायद्याच्या नजरेत ती एका सहकारी संस्थेच्या संचालकपदाची निवडणूक आहे. तिला सर्वसाधारण निधीतून देता येत नाही आणि राजकीय निधीतूनही नाही. तुमच्या माणसाला मदत करायची असेल तर ज्याने त्याने आपल्या खिशातून करावी, युनियनच्या पावती पुस्तकावर तिची नोंद असू नये. आधी दिले असतील तर ज्यांनी ठराव केला त्यांनी ते वार्षिक विवरणपत्र भरण्याआधी परत भरून घ्यावेत. विरोधी गटातला एक सभासद हिशोबाची वही मागायला आला की त्याला ती दाखवावीच लागते, आणि ती वही दुसऱ्या दिवशी एचआरच्या टेबलावर असते.